“रात्री ते आम्हाला बाबी सांगतात”: एका निबंधातून खूप, चांगले आणि गोष्टी काढताना

पार्श्वभूमी

नववीतली एक मुलगी. वर्गात बोलायला पुढे, वाचनाची आवड, हस्ताक्षर नीटनेटकं. निबंधात मात्र तिला दर वेळी निम्म्याच्या आसपास गुण मिळायचे. शुद्धलेखनाच्या चुका जवळजवळ नसायच्या, त्यामुळे गुण कुठे जातात ते तिला कळत नव्हतं. मी तिला मराठी शिकवत होते. दर वेळी मी वहीत “अजून नेमकं लिही” असा शेरा मारायचे आणि ती दर वेळी मान डोलवायची. “नेमकं” म्हणजे काय, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

विषय होता ‘माझी आवडती व्यक्ती’ आणि तिने आजोबांवर लिहिलं होतं. निबंधाचा पहिला परिच्छेद तिच्या परवानगीने जसाच्या तसा देते:

> माझे आजोबा खूप चांगले आहेत. ते मला खूप गोष्टी शिकवतात. त्यांना खूप गोष्टी येतात. ते घरातल्या बिघडलेल्या गोष्टी खूप चांगल्या दुरुस्त करतात. रात्री ते आम्हाला गोष्टी सांगतात. त्यांच्या गोष्टी खूप छान असतात. ते खूप शिस्तप्रिय आहेत, पण मनाने खूप चांगले आहेत. त्यांच्याकडून चांगल्या गोष्टी शिकायला मिळतात. म्हणून ते मला खूप आवडतात.

नऊ वाक्यं, ५१ शब्द. त्यात ‘खूप’ ८ वेळा, ‘गोष्टी’ ६ वेळा, ‘चांगला’ वेगवेगळ्या रूपांत ४ वेळा आणि एक ‘छान’. ५१ पैकी १९ शब्द असे, की ते दुसऱ्या कुणाच्याही आजोबांच्या निबंधात उचलून ठेवले तरी चालतील.

अडचण नेमकी कुठे होती

तेव्हा मला ही शब्दसंग्रहाची अडचण वाटली. मुलीकडे शब्द कमी आहेत, म्हणून ती तेच तेच वापरते, असं माझं निदान होतं. ते चुकलं आणि पुढचे दोन आठवडे त्या चुकीत गेले.

खरी अडचण वेगळी होती. ‘चांगले’ हा निकाल आहे. आजोबांना रोज पाहून तिच्या मनाने हा निकाल कधीचाच दिला होता, पण कागदावर फक्त निकाल उतरला, साक्ष उतरलीच नाही. ‘गोष्टी’ हे न उघडलेलं गाठोडं आहे; आत काय आहे ते तिला माहीत होतं, वाचणाऱ्याला नव्हतं. आणि ‘खूप’ म्हणजे न मोजताच सांगितलेलं माप. तिन्ही शब्द ढोबळ आहेत, पण तिघांचा ढोबळपणा एका जातीचा नाही. म्हणून तिघांना एकच औषध लागू पडत नाही. हे मला उशिरा उमगलं.

पहिला उपाय आणि तो कसा फसला

मी लाल पेनाने एकोणीसच्या एकोणीस शब्दांभोवती गोल काढले आणि तिला समानार्थी शब्दांची यादी दिली. चांगलासाठी उत्तम, उत्कृष्ट, सद्गुणी. खूपसाठी अत्यंत, अतिशय, असंख्य, विपुल. गोष्टीसाठी बाबी, वस्तू, विषय. “यातले शब्द वापरून पुन्हा लिहून आण,” असं सांगितलं.

तिने प्रामाणिकपणे लिहून आणलं:

> माझे आजोबा अत्यंत उत्तम आहेत. ते मला असंख्य बाबी शिकवतात. त्यांना विपुल विषय अवगत आहेत. ते घरातल्या बिघडलेल्या वस्तू अतिशय उत्कृष्टरीत्या दुरुस्त करतात. रात्री ते आम्हाला बाबी सांगतात.

पाचव्या वाक्यापाशी मी थांबले. आजोबा रात्री नातवंडांना ‘बाबी’ सांगत होते. मूळ वाक्यात एकच शब्द अगदी योग्य जागी बसला होता आणि माझ्या गोलाने नेमका तोच बाद केला होता. मराठीत ‘गोष्ट’ या शब्दाला दोन संसार आहेत. एक कथेचा, एक ‘काहीतरी’चा. आजोबा गोष्टी सांगतात तेव्हा तो शब्द तंतोतंत असतो, त्याला दुसरा पर्यायच नको. आजोबा गोष्टी शिकवतात तेव्हा तो रिकामा असतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून शब्द पाहून गोल काढणारा हमखास फसतो. वाक्य वाचावं लागतं.

बाकीची वाक्यंही सुधारली नव्हती. ‘खूप चांगले’ इतकंच ‘अत्यंत उत्तम’ रिकामं आहे, आणि वर ते परकं वाटतं. आधीच्या मजकुरात निदान त्या मुलीचा आवाज होता, दुसऱ्यात तोही गेला. समानार्थी शब्द ढोबळपणा जसाच्या तसा ठेवतो, फक्त त्याला जड कपडे चढवतो. ही घसरण ओळखायला सोपी आहे: वाक्य मोठ्याने वाचायचं आणि लिहिणारा ते घरी कुणाला असं म्हणेल का, हे विचारायचं. “आजोबा, तुम्ही अत्यंत उत्तम आहात,” असं ती म्हणणार नव्हती.

समोर असलेले पर्याय

इथे पहिला खरा निर्णय घ्यायचा होता. तीन वाटा दिसत होत्या.

पहिली वाट बंदीची. खूप, चांगले, छान, गोष्टी हे शब्द वापरायचेच नाहीत, असा नियम. तो अनेक वर्गांत चालतो आणि काही मुलांना त्याने फायदाही होतो, कारण हात अडला की डोकं चालू लागतं. पण या मुलीने समानार्थी शब्दांचं काय केलं ते मी नुकतंच पाहिलं होतं. बंदी घातली असती तर ‘विविध’, ‘अनेक’, ‘मोलाचे’, ‘प्रेमळ’ हे शब्द त्याच रिकाम्या जागांवर येऊन बसले असते. शिवाय कथेच्या अर्थाची ‘गोष्ट’ पुन्हा मारली गेली असती.

दुसरी वाट मीच एक नमुना परिच्छेद लिहून देण्याची. वेळ वाचला असता. पण तिच्या आजोबांना मी कधी भेटले नव्हते. मी लिहिलं असतं ते कुठल्यातरी आजोबांवर, आणि ती ते पाठ करून पुढच्या परीक्षेत उतरवणार हे नक्की होतं.

तिसरी वाट प्रश्नांची. तिला लिहू न देता आधी बोलतं करायचं आणि एका वेळी एकच वाक्य घ्यायचं. यात वेळ जातो; चाळीस जणांच्या वर्गात प्रत्येकाबरोबर असं बसणं जमत नाही, हेही खरं. तरी या एका मुलीसाठी मी ही वाट धरली. मधल्या सुट्टीत वीस-वीस मिनिटं, चार दिवस.

‘चांगले’: निकालाऐवजी साक्ष

पहिल्या दिवशी वही बंद ठेवायला सांगितली.

“आजोबा चांगले आहेत, असं तुला कधी वाटलं?”

“नेहमीच वाटतं, बाई.”

‘नेहमीच’ हा ‘खूप’चाच भाऊ. प्रश्न बदलावा लागला. ‘कधी वाटलं’ याला नेहमी ढोबळच उत्तर मिळतं, कारण प्रश्न भावनेचा आहे. ‘शेवटचं काय पाहिलंस’ याला ढोबळ उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न डोळ्यांचा आहे.

“त्यांनी शेवटची कोणती वस्तू दुरुस्त केली?”

“भिंतीवरचं घड्याळ.”

“तू कुठे होतीस तेव्हा?”

“बाजूलाच. टॉर्च धरून.”

“मग त्यांनी काय केलं?”

“घड्याळ पालथं ठेवलं टेबलावर. स्क्रू काढले. आणि ते ना, स्क्रू डब्याच्या झाकणात ओळीने ठेवतात. पहिला निघालेला पहिला, मग दुसरा. मी एक हलवला तर म्हणाले, हात लावू नकोस, ते उलट्या क्रमाने परत जातात.”

“का बरं?”

“चारातला एक आखूड आहे. त्याच्या जागी लांब गेला तर आतल्या भागाला टेकतो.”

‘घरातल्या बिघडलेल्या गोष्टी खूप चांगल्या दुरुस्त करतात’ या सात शब्दांमागे हे सगळं दडलेलं होतं. तिला ते आठवत होतं, सांगताही येत होतं. तिच्याकडे शब्द कमी नव्हते. झाकण, ओळ, उलटा क्रम, आखूड, टेकणे: एकही शब्द अवघड नाही आणि एकही माझ्या यादीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणलेलं वाक्य असं होतं: “आजोबा दुरुस्तीच्या वेळी सुटे भाग पात्रात व्यवस्थितपणे ठेवतात.” मी विचारलं, झाकण कुठे गेलं? ती म्हणाली, “झाकण निबंधात बरं दिसत नाही, बाई.”

हे उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बोलताना नेमकी असलेली मुलगी पेन हातात घेतल्याबरोबर ढोबळ होत होती, कारण लिहायची भाषा बोलण्यापेक्षा वजनदार असली पाहिजे असं तिच्या मनात बसलं होतं. ते बसवण्यात माझ्या त्या यादीचाही हात होता. प्रमाण मराठीत लिहायचं म्हणजे क्रियापदांची रूपं प्रमाण ठेवायची, ‘ठेवलं’च्या जागी ‘ठेवले’ लिहायचं. पण झाकणाचं पात्र करायचं नसतं. वस्तूचं घरातलं नाव निबंधातही तेच राहतं. एवढं सांगितल्यावर तिने तिथल्या तिथे वाक्य परत केलं: झाकण आलं, ओळ आली, आखूड स्क्रू आला.

आणखी एक गंमत तिच्याच लक्षात आली. हे वाक्य लिहिल्यावर ‘ते खूप शिस्तप्रिय आहेत’ हे वाक्य तिने स्वतःहून खोडलं. “ते झाकणातच आलं की,” ती म्हणाली. जवळून पाहिलेली एक कृती दोन-तीन विशेषणांचं काम एकटी करते. शब्द वाढतील या भीतीला हे चांगलं उत्तर आहे.

‘मनाने खूप चांगले’ याला जास्त वेळ लागला. आधी तिने लिहिलं: “मी चूक केली की आजोबांच्या डोळ्यांत पाणी येते.” मी विचारलं, कधी आलं होतं? ती गप्प बसली. मग म्हणाली, “आलं नव्हतं. पण असं लिहितात ना?”

इथे दुसरा निर्णय होता. तपशील खरा हवा, की नुसता तपशीलवार असला तरी पुरे? कथा लिहिताना कल्पना चालते. खऱ्या माणसावरच्या निबंधात रचलेला तपशील बहुतेक वेळा ओळखू येतो, कारण तो आधी कुठेतरी वाचलेला असतो. डोळ्यांत पाणी हा ‘चांगले’चाच दुसरा साचा आहे, दिसायला ठोस आणि आतून तितकाच उसना. मी तिला सांगितलं, न घडलेलं लिहू नकोस, घडलेलं लहान असलं तरी चालेल. मग तिने भिंगाची हकिकत सांगितली. आजोबांचं भिंग तिच्या हातून पडून फुटलं होतं. तिने तुकडे कागदात गुंडाळून लपवले. आजोबांना ते सापडले. ते म्हणाले, “काच आहे, फुटायचीच,” आणि दुसऱ्या दिवशी तिला चिमटा धरायला दिला. ‘मनाने चांगले’ हे शब्द कुठेही न येता ते वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतं.

‘गोष्टी’: गाठोडं उघडणं, आणि मागे राहिलेलं क्रियापद

सहापैकी दोन गोष्टी कथेच्या होत्या. त्या तशाच ठेवल्या. उरलेल्या चार उघडायच्या होत्या. “आजोबांनी तुला काय काय शिकवलं?” असं विचारल्यावर तिने बोटं मोजत अकरा नावं सांगितली. सायकलची उतरलेली चेन चढवणं, नकाशा वाचणं, सुटणार नाही अशी गाठ मारणं, बुद्धिबळ, आणखी बरंच. आणि घरी जाऊन तिने अकराच्या अकरा एका वाक्यात स्वल्पविराम देऊन लिहून टाकली.

अशी यादी ‘गोष्टी’पेक्षा बरी असते, पण फार नाही. गाठोडं उघडून सगळं जमिनीवर ओतलं तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मी तिला एकच कसोटी दिली: यातलं असं एक निवड, की जे तू मला आत्ता इथे पायरी-पायरीने करून दाखवू शकशील. तिने चेन निवडली. आधी चेन मागच्या दातेरी चक्रावर बसवायची, मग पुढच्या चक्राच्या दोन-तीन दातांत अडकवायची आणि पेडल हाताने हळू फिरवायचं, की ती आपोआप चढत जाते. हे सांगताना तिचे हात हवेत फिरत होते.

लिहिताना एक खास मराठी अडचण आली, जी मी आधी ताडायला हवी होती. तिचं वाक्य होतं: “आजोबांनी मला सायकलची चेन चढवायला शिकवल्या.” हे ‘शिकवल्या’ कुठून आलं? मूळ वाक्य तिच्या डोक्यात “आजोबांनी मला गोष्टी शिकवल्या” असं होतं. भूतकाळात अशा वाक्यात आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. गोष्टी स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून शिकवल्या. गोष्टी काढल्या, पण त्यांच्यासाठी आलेलं क्रियापद तिथेच राहिलं. बरोबर वाक्य “चेन चढवायला शिकवले” असं. मराठीत नाम बदललं की विशेषण आणि क्रियापद दोन्ही पुन्हा तपासावी लागतात, नाहीतर ढोबळ शब्द जातो आणि व्याकरणाची चूक येते. ज्या मुलीचं शुद्धलेखन चोख होतं, तिला यामुळे उगाच गुण गमवावे लागले असते. त्या दिवसापासून शब्द बदलला की वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत पुन्हा वाचायचं, अशी सवय मी तिला लावली.

‘खूप’: दोन कामं, दोन दुरुस्त्या

खूप हा शब्द दोन कामं करतो. ‘खूप गोष्टी’ मध्ये तो संख्या सांगतो, ‘खूप छान’ मध्ये तीव्रता. संख्येचा खूप काढायचा तर विचारायचं: किती, किंवा कोणती? तीव्रतेचा खूप काढायचा तर विचारायचं: त्यामुळे काय होतं? हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की मुलांना वाट सापडते.

“त्यांच्या गोष्टी खूप छान असतात. त्यामुळे काय होतं?”

“आम्ही झोपत नाही.”

“का?”

“ते अर्ध्यावर थांबतात. म्हणतात, पुढे काय झालं असेल सांगा. आणि आमचा अंदाज बरोबर आला ना, की ते शेवटच बदलून टाकतात.”

हे ऐकून मीही आजोबांना भेटावं असं मला वाटलं. ‘खूप छान’ मधून असं कधी वाटलं नसतं.

काही ठिकाणी खूप नुसता खोडायचा असतो, त्याच्या जागी काहीच आणायचं नसतं. आखूड स्क्रू ‘खूप आखूड’ असायची गरज नाही. वाक्यातलं नाम आणि क्रियापद आपलं काम करत असतील तर खूप गाळल्याने काही उणं होत नाही. मोठ्याने दोनदा वाचलं, एकदा खूपसकट आणि एकदा खूपशिवाय, की कानाला फरक कळतो.

दुसरी घसरण

तिसऱ्या मसुद्यात तिला नेमकेपणाची चटक लागली. सुरुवातच अशी होती: “माझे आजोबा ७१ वर्षांचे असून त्यांची उंची ५ फूट ७ इंच आहे. ते सकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी उठतात.” आकडे बरोबर होते, तिने घरी विचारून आणले होते. ढोबळ शब्द एकही नव्हता. तरी आजोबा पुन्हा दिसेनासे झाले.

आकडा अचूक असला म्हणजे तो कामाचा असतोच असं नाही. मी तिला विचारलं, ७१च्या जागी ७३ लिहिलं तर तुझ्या सांगण्यात काय बदलेल? काही नाही, ती म्हणाली. आणि चारही स्क्रू सारखेच आहेत असं लिहिलं तर? मग झाकणात ओळीने ठेवायची गरजच उरत नाही. म्हणजे तो तपशील वाक्याला धरून ठेवतो. वय आणि उंची वाक्यावर नुसती टांगलेली आहेत. काढला की काहीतरी कोसळतं तो तपशील ठेवायचा. या कसोटीवर उंची गेली, उठण्याची वेळ गेली, अकरापैकी दहा नावं गेली.

शब्दमर्यादेचाही प्रश्न होता. ठोस लिहायला जागा लागते आणि परीक्षेतला निबंध वाढवता येत नाही. त्यामुळे आधीच्या आठ-नऊ दाव्यांपैकी तीनच ठेवायचे असं ठरलं: दुरुस्ती, भिंग, रात्रीच्या गोष्टी. चेन दुसऱ्या परिच्छेदात गेली. बाकीचं सोडून देताना तिला वाईट वाटलं. आजोबांना बुद्धिबळही येतं, ते राहिलंच, असं ती दोनदा म्हणाली.

निष्पत्ती

चौथ्या दिवशीचा परिच्छेद असा होता:

> भिंतीवरचे घड्याळ बंद पडले की आजोबा ते टेबलावर पालथे ठेवतात आणि मला टॉर्च धरायला सांगतात. काढलेला प्रत्येक स्क्रू ते डब्याच्या झाकणात ओळीने लावतात आणि उलट्या क्रमाने परत बसवतात, कारण चारांपैकी एक आखूड आहे. एकदा त्यांचे भिंग माझ्या हातून पडून फुटले. मी तुकडे कागदात गुंडाळून लपवले. आजोबांना ते सापडले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “काच आहे, फुटायचीच.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चिमटा धरायला दिला. रात्री ते आम्हाला गोष्टी सांगतात, पण अर्ध्यावर थांबतात आणि पुढे काय झाले असेल ते विचारतात. आमचा अंदाज बरोबर निघाला, तर ते शेवट बदलतात. ते मला खूप आवडतात.

वाक्यं नऊच राहिली, शब्द ५१चे ८९ झाले. एकोणीसपैकी दोन ढोबळ वाटणारे शब्द उरले: कथेच्या अर्थाची एक ‘गोष्टी’ आणि शेवटच्या वाक्यातला एक ‘खूप’.

त्या शेवटच्या खूपवर आमचा थोडा वाद झाला. मी म्हटलं, वाक्यच काढून टाक, शेवट बदलणाऱ्या आजोबांवर थांब. ती तयार झाली नाही. “मला आवडतात ते, बाई. ते लिहायचंच आहे.” मी विचार केला आणि तिला ठेवू दिलं. पहिल्या मसुद्यात हा खूप पुराव्याच्या जागी उभा होता, इथे तो पुराव्यानंतर आला आहे. मी फक्त ‘म्हणून’ काढायला लावलं, कारण आवडण्याला हिशेबासारखं कारण जोडलं की ते वाक्य पुन्हा साच्यातलं होतं. ढोबळ शब्द वाईटच असतात असं मी आता म्हणत नाही. ‘चांगले दोन तास वाट पाहिली’ किंवा ‘आजोबा चांगलेच रागावले’ यातला चांगला काढून पाहा, वाक्याचा जीवच जातो. तिथे तो निकाल देत नाही, बोलण्याला जोर देतो.

या निबंधाला तिला चांगले गुण मिळाले, पण तो चार दिवस बसून लिहिलेला होता, त्यामुळे ते गुण मी फारसे मोजत नाही. खरी परीक्षा त्यानंतर वर्गात बसून लिहायच्या निबंधाची होती. वेळ चाळीस मिनिटं, विषय आधी माहीत नसलेला, मी बाजूला नाही. त्यात पहिल्या पानावर ‘खूप’ पुन्हा पाच वेळा आला होता. मला वाटलं, सगळं वाया गेलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

एकोणीस गोल एकदम काढणार नाही. त्या लाल पानाकडे पाहून तिने ‘सगळंच चुकलं’ असं मानलं आणि सगळं एका झटक्यात बदललं, बरोबर असलेली गोष्टसुद्धा. एका वाक्याखाली एक रेघ आणि समासात एक प्रश्न, एवढं पुरलं असतं.

समानार्थी शब्दांची यादी तर नकोच. तिचा उपयोग आहे, पण तो नंतरचा, दोन जवळच्या अर्थांतून एक निवडायचा असतो तेव्हाचा. तुकडा, ठिकरी आणि चुरा यांत भिंगाला कोणता लागू पडेल, हे ठरवायला यादी चालते. ज्याला अजून काय सांगायचं तेच सापडलेलं नाही, त्याच्या हातात यादी दिली की तो शोधायचं सोडतो.

आणि ती बोलत होती तेव्हा मी तिची वाक्यं तशीच टिपून घ्यायला हवी होती. “चारातला एक आखूड आहे” हे पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून तयार निघालं होतं. ते कागदावर परत यायला दोन दिवस लागले, मध्ये ‘सुटे भाग’ आणि ‘पात्र’ यांचा फेरा झाला. मी टिपलेला कागद तिच्यापुढे ठेवला असता, तर आपलं बोलणंच लिहिण्याजोगं आहे हे तिला लगेच दिसलं असतं.

एक मर्यादा या पद्धतीला आहेच. ‘शेवटचं काय पाहिलंस’ हा प्रश्न पाहिलेल्या माणसाबद्दल किंवा जागेबद्दल चालतो. विचारप्रधान विषयावर, जे तिने अनुभवलेलं नाही त्यावर, तो कोरडा पडतो. तिथे ‘चांगले परिणाम’ याऐवजी ‘कुणावर, कोणता परिणाम’ असं विचारावं लागतं आणि त्याची उत्तरं आठवणीतून येत नाहीत, वाचनातून येतात. तो भाग आम्ही अजून नीट केलेला नाही.

त्या वर्गातल्या निबंधाची वही मी नंतर पुन्हा पाहिली. पाच ‘खूप’ होते, पण त्यातल्या तिघांखाली तिने स्वतः पेन्सिलने बारीक रेघ ओढली होती. दोन रेघांपाशी समासात ‘काय होतं?’ असं लिहून पुढच्या ओळीत वाक्य बदललं होतं. तिसऱ्यापाशी फक्त ‘किती?’ एवढंच होतं, आणि पुढे वेळ संपली होती.